आक्वाव्हिट

आक्वाव्हिट हे स्कँडिनेव्हियातले, म्हणजे डेन्मार्क, स्वीडन आणि नॉर्वेतले कडक मद्य. त्याचा मूळ गंध कॅरवे या बियांचा. नाव लॅटिनमधल्या ‘जीवनजल’ या अर्थाच्या शब्दांवरून आले आहे. त्याचा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख १५३१ सालचा आहे. बर्गनच्या किल्ल्याचा डॅनिश अधिकारी एस्के बिले याने त्रोंदहाइमच्या आर्चबिशपना पत्रासोबत हे पेय पाठवले होते, आणि तेही औषध म्हणून.

कॅरवेला मराठीत शहाजिरे म्हणतात खरे, पण बाजारात त्या नावाने मिळणारे बी अनेकदा बुनियम या दुसऱ्याच वनस्पतीचे असते आणि त्याचा वास वेगळा असतो. कॅरवेच्या गंधाची कल्पना हवी असेल तर बाळंतशेप चावून पाहावी. दोन्ही बियांत कार्व्होन हे एकच सुगंधी द्रव्य असते. युरोपीय संघाच्या नियमांनुसार आक्वाव्हिटमध्ये कॅरवे किंवा शेपूच्या बियांचा, अथवा दोन्हींचा, ऊर्ध्वपातित अर्क असावाच लागतो. मद्यार्क किमान ३७.५ टक्के असावा लागतो आणि तयार सुगंधी तेल घालण्यास मनाई आहे.

त्यामुळे बी भट्टीतून जाणे अटळ ठरते. आधी जवळजवळ गंधहीन मद्यार्क तयार करतात. नॉर्वेत तो बटाट्यापासून करतात, डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये बहुधा धान्यापासून. त्यात पाणी मिसळून कॅरवे भिजत घालतात. जोडीला बडीशेप, धणे, संत्र्याची साल असे काही ना काही असते आणि ते प्रमाण प्रत्येक घराणे स्वतःकडेच ठेवते. मग हे सगळे पुन्हा ऊर्ध्वपातित करतात. खरे कसब भट्टीतून उतरणारी धार कधी तोडायची यात आहे. सुरुवातीला लिंबाच्या सालीची आठवण देणारे हलके लिमोनीन जास्त येते, मधल्या धारेत कॅरवेचा गोलाई असलेला गंध येतो, आणि शेवटी जड, कडवट तेले उतरू लागतात. धार उशिरा तोडली तर चव ओबडधोबड होते. हा दोष डोळ्यांनाही दिसू शकतो. तेले मद्यार्कात विरघळतात, पाण्यात नाही; म्हणून बाटलीत भरण्याआधी पाणी घालून मद्य सौम्य करताना ते दुधाळ झाले, तर तेल गरजेपेक्षा जास्त उतरले आहे असे समजावे. भट्टीतून आलेला अर्क पाण्यासारखा नितळ असतो. पिवळा किंवा तपकिरी रंग नंतर लाकडातून, मसाले भिजवण्यातून किंवा कॅरॅमलमधून येतो.

लाकडाची सर्वांत प्रसिद्ध कथा ‘लिनिए’ या नॉर्वेच्या आक्वाव्हिटची. १८०५ मध्ये ‘त्रोंदहेम्स प्रोव्ह’ हे जहाज नॉर्वेहून बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, निघाले. मालात आक्वाव्हिटची पाच पिंपेही होती. तिकडे त्यांना गिऱ्हाईक मिळाले नाही आणि १८०७ मध्ये ती तशीच परत आली. उघडून पाहतात तो चव सुधारलेली! पुढे योर्गन लिसहोल्म याने १८२१ पासून त्रोंदहाइममध्ये या मद्याचे उत्पादन सुरू केले. आजही लिनिए शेरी या स्पॅनिश वाइनच्या जुन्या ओक पिंपांत भरून जहाजावर चढवतात. सुमारे चार महिन्यांच्या फेरीत ते विषुववृत्त दोनदा ओलांडते, आणि जहाजाचे नाव व प्रवासाची तारीख लेबलच्या मागच्या बाजूला, बाटलीतून वाचता येईल अशी छापलेली असते. हेलकाव्यांमुळे आणि थंडी-उष्णतेच्या फरकामुळे मद्य लाकडात अधिक मुरते, असे उत्पादक सांगतात. यात समुद्राइतकाच, कदाचित जास्तच, वाटा शेरीच्या पिंपाचा असावा. पण जहाजाची गोष्ट बाटलीवर जास्त शोभते, हेही खरे.

पिण्याच्या रीतीही पिंपात मुरवलेले आणि न मुरवलेले या फरकातून आल्या आहेत. डेन्मार्कमध्ये पिंपात न मुरवलेले, नितळ आक्वाव्हिट फ्रीझरमधून काढून छोट्या पेल्यात ओततात. ते हेरिंग मासा आणि राय ब्रेडच्या दुपारच्या जेवणासोबत येते, शेजारी बिअर असते. ‘स्कोल’ म्हणून पेला उचलायचा, समोरच्याच्या डोळ्यांत पाहायचे, प्यायचे, आणि पेला खाली ठेवण्याआधी पुन्हा पाहायचे. स्वीडनमध्ये त्याआधी गाणेही लागते. मध्यग्रीष्मोत्सवात किंवा ऑगस्टमधल्या क्रेफिशच्या मेजवानीत सगळे मिळून छोटे गीत म्हणतात आणि मगच पेला ओठांना लागतो. पहिल्या पेल्याला ‘हेलान’, म्हणजे ‘पूर्ण’, आणि दुसऱ्याला ‘हाल्वान’, म्हणजे ‘अर्धा’, अशी नावे आहेत.

 

नॉर्वेत मात्र नाताळच्या डुकराच्या बरगड्या किंवा वाळवलेल्या मेंढीच्या मांसासोबत पिंपात मुरलेले आक्वाव्हिट खोलीच्या तापमानालाच, ट्यूलिपच्या आकाराच्या पेल्यातून, घोट घोट घेतात. थंड केले तर लाकडाचा आणि शेरीचा गंध दबतो, आणि पिंपात घालवलेले महिने वाया जातात.