टक्केवारीचा छेद

दहावीचा निकाल लागला की नाशिक विभागाचा तक्ता येतो आणि त्यात जळगाव, धुळे, नंदुरबारचे आकडे शोधले जातात. दोन वाक्यं तर लगेच तयार होतात: मुलींनी बाजी मारली, आणि इंग्रजी माध्यमाचा निकाल जास्त. मुलींचं उत्तीर्ण होण्याचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त असतं हे वर्षानुवर्षं दिसतंच. पण त्यातून ‘मुली हुशार’ किंवा ‘इंग्रजीत शिकवलं की पोरं पास होतात’ असं म्हणायला आणखी बरंच काही पाहावं लागतं.

आधी माध्यमाचं बघू. खालचे आकडे फक्त हिशेब समजावा म्हणून मानलेले आहेत. सातपुड्याच्या पायथ्याचा एक तालुका घ्या. मराठी माध्यमातून ५०० मुलं बसली आणि ४३० पास झाली, म्हणजे ८६ टक्के. इंग्रजी माध्यमातून २२० बसली आणि २०१ पास झाली, म्हणजे ९१ टक्के. इंग्रजी पाच टक्क्यांनी पुढे.

आता हीच मुलं तालुक्याच्या गावातली आणि डोंगरातल्या पाड्यांवरची अशी वेगळी करा. गावात मराठी माध्यमाची २०० पैकी १९० पास, म्हणजे ९५ टक्के. इंग्रजीची २०० पैकी १८६, म्हणजे ९३. पाड्यांवर मराठीची ३०० पैकी २४०, म्हणजे ८० टक्के; इंग्रजीची २० पैकी १५, म्हणजे ७५. दोन्ही ठिकाणी मराठी पुढे आणि एकत्र केलं की मागे! बेरीज तपासून पाहा, कुठेही चूक नाही. मराठी माध्यमातली बहुतेक मुलं पाड्यांवरची आहेत, जिथे सगळ्यांचाच निकाल कमी लागतो. इंग्रजीची जवळजवळ सगळी गावातली. एकूण टक्केवारीने माध्यमाच्या नावाखाली खरं तर वस्तीच मोजली.

संख्याशास्त्रात याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. एडवर्ड सिम्पसन यांनी १९५१ साली तो मांडला, पण त्याआधी १९०३ मध्येच उडनी यूल यांच्या तो ध्यानात आला होता.

तुलना सरळ करायची तर दोन्ही माध्यमांना एकच वस्ती द्यायची. एकूण मुलं ७२०, त्यातली गावात ४०० आणि पाड्यांवर ३२०. सगळी मराठी माध्यमाच्या दराने पास झाली असती तर ६३६, म्हणजे ८८ टक्के; इंग्रजीच्या दराने ६१२, म्हणजे ८५. निकाल उलटला.

पण म्हणून ‘मराठी माध्यमच चांगलं’ असंही लिहू नये. पाड्यांवरची इंग्रजीची मुलं फक्त २० आहेत. त्यातलं आणखी एक पोर पास झालं असतं तर ७५ चे ८० टक्के झाले असते आणि तिथला फरक संपला असता. मूठभर मुलांच्या टक्केवारीवर मी कधीच विसंबत नाही. अशा वेळी तीन-चार वर्षांचे आकडे एकत्र करावेत. शिवाय घरचं उत्पन्न, आईबापांचं शिक्षण, शिकवणी हे या हिशेबात आलेलंच नाही. आणि धडगाव-अक्कलकुव्याकडे घरात पावरी किंवा भिली बोलणाऱ्या पोराला ‘मराठी माध्यम’ हीसुद्धा शाळेत येऊन शिकलेली भाषाच असते, हे तर तक्त्यात कुठेच दिसत नाही.

मुलामुलींच्या तुलनेत अडचण वेगळ्या जागी आहे. उत्तीर्णांची टक्केवारी काढताना छेदात फक्त परीक्षेला बसलेले असतात. पुन्हा मानलेले आकडे: नववीच्या पटावर १०० मुलगे आणि १०० मुली. दहावीला ९० मुलगे बसले, ८१ पास झाले: ९० टक्के. मुली ७५ बसल्या, ७२ पास झाल्या: ९६ टक्के. मुली पुढे. पण नववीच्या पटातून मोजलं तर मुलगे ८१ आणि मुली ७२. ज्या २५ परीक्षेपर्यंत आल्याच नाहीत, त्यांतली कुणी ऊसतोडीला आईबापांसोबत गेली असेल, कुणाचं लग्न लावून दिलं असेल, कुणाला धाकट्या भावंडांसाठी घरी बसवलं असेल. त्या गळाल्यामुळे उरलेल्यांचा निकाल उलट चांगला दिसतो, कारण बहुधा ज्यांना अभ्यासाला वेळ आणि घरचा आधार होता त्याच टिकल्या. एखाद्या गावात मुलगेच कामाला जात असतील तर हे सगळं उलटंही होईल. कोणत्या बाजूला किती गळती, ते आधी पाहायचं.

आणखी एक गोष्ट तपासायची. नियमित, पुनर्परीक्षार्थी आणि १७ नंबरचा फॉर्म भरून बसलेले खाजगी विद्यार्थी एकाच आकड्यात मिसळलेले नाहीत ना? पुनर्परीक्षार्थींचा निकाल नियमितांपेक्षा खूप कमी असतो. ज्या गटात ते जास्त, त्याची सरासरी तेवढ्यानेच खाली येते.

म्हणून निकालाच्या दिवशी मुख्याध्यापकांकडे एवढंच मागावं: मुलगे आणि मुली वेगळे करून नियमित किती बसले, किती पास झाले, आणि दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये हीच तुकडी नववीत असताना पटावर किती नावं होती. त्या पटावर असलेली आणि बैठक क्रमांकांच्या यादीत नसलेली नावं एकेक करून वाचावीत. यातल्या कोणी शाळा बदलली आणि कोणी सोडली, हे वर्गशिक्षकांना बहुतेक वेळा तोंडपाठ असतं.