पाचव्या जागेवरचे शून्य

ऑनलाइन पैसे पाठवताना ‘आयएफएससी अवैध’ असा संदेश आला की बहुतेकांना सर्व्हर बंद असल्याची शंका येते आणि तोच कोड रात्री पुन्हा टाकून पाहिला जातो. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालते, त्यामुळे मुहूर्त बदलून चुकीचा कोड बरोबर होत नाही.

या कोडमध्ये अकरा चिन्हे असतात. पहिली चार अक्षरे बँकेची, पाचवे नेहमीच शून्य आणि शेवटची सहा शाखेची. पाचव्या जागी शून्याऐवजी इंग्रजी ‘ओ’ टंकला जाणे ही नेहमीची चूक आहे. मला या रचनेतली कुतूहलाची गोष्ट मात्र वेगळीच वाटते. आधार क्रमांकाचा बारावा अंक आधीच्या अकरा अंकांवरून गणिताने काढलेला असतो, त्यामुळे एखादा अंक चुकला तर ते यंत्राला लगेच कळते. आयएफएससीत असा पडताळणी अंक नाही. यंत्र फक्त यादीत पाहते: कोड सापडला नाही तर व्यवहार अडतो आणि चुकलेला कोड योगायोगाने दुसऱ्या शाखेचा निघाला तर तो मुकाट्याने स्वीकारला जातो. म्हणून नाकारला गेलेला कोड हा त्यातल्या त्यात बरा प्रकार म्हणायचा.

कोड अचूक उतरवूनही नाकारला जातो, तेव्हा कारण बहुधा विलीनीकरणात असते. समजा, वाशीतल्या एका सोसायटीच्या खजिनदारांनी रंगाऱ्याच्या जुन्या धनादेशावरून SYNB0001234 हा कोड घेतला. सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० रोजी कॅनरा बँकेत विलीन झाली आणि तिचे कोड जुलै २०२१ पासून चालेनासे झाले. कॅनराने नवे कोड देताना शाखेच्या जुन्या आकड्यात दहा हजार मिळवले, त्यामुळे या नमुन्याचे नवे रूप CNRB0011234 असे होते. हा नियम त्या एका विलीनीकरणापुरताच आहे. देना, आंध्र किंवा अलाहाबाद बँकेच्या जुन्या कोडला तो लावू नये.

योग्य कोड खातेदाराच्या नव्या पासबुकावर किंवा धनादेशावर मिळतो. तिथला नऊ आकडी एमआयसीआर क्रमांक, जो ठाणे-नवी मुंबईत ४०० ने सुरू होतो, तो हा नव्हे. मिळालेला कोड रिझर्व्ह बँकेच्या किंवा त्या बँकेच्या संकेतस्थळावर तपासून शाखेचे नाव व पत्ता जुळतो का ते पाहावे. छोट्या सहकारी बँकेच्या कोडची सुरुवात दुसऱ्याच मोठ्या बँकेच्या अक्षरांनी झालेली दिसली तर दचकू नये, कारण अशा काही बँका मोठ्या बँकेमार्फत या व्यवस्थेत सहभागी होतात. शोधयंत्रात सापडलेल्या ‘कस्टमर केअर’ क्रमांकावर मात्र कोड विचारू नये, तिथे बऱ्याचदा भामटेच बसलेले असतात.

पुन्हा पाठवण्यापूर्वी आपले खाते उघडून पाहावे. कोड भरतानाच नाकारला गेला असेल तर रक्कम वजा झालेली नसते. वजा होऊन व्यवहार फसला असेल, तर ती परत जमा झाल्याची नोंद दिसेपर्यंत थांबावे, अन्यथा एकच देणे दोनदा जाण्याचा धोका असतो. त्यानंतर लाभार्थ्याच्या नोंदीतला जुना कोड काढून नवा भरावा आणि आधी एक रुपया पाठवून तो रंगाऱ्याकडे पोहोचल्याची खात्री करून घ्यावी.