स्वागत आणि मदतीची विचारणा : प्रशिक्षकांचा भूमिकाभिनय सराव (बडोदे)

स्वयंसेवकांना शिकवणाऱ्यांनी आधी आपसांत भूमिका वाटून घ्यायच्या, स्वागताचा किंवा मदत विचारण्याचा एखादा छोटा प्रसंग करून पाहायचा आणि त्यावर लगेच बोलून तोच प्रसंग पुन्हा करायचा, या पद्धतीला भूमिकाभिनय सराव म्हणतात. बोलण्यात 'रोल-प्ले' हाच शब्द रुळला आहे. स्वयंसेवकांच्या सरावाहून प्रशिक्षकांचा सराव एका बाबतीत वेगळा असतो. इथे स्वागत कसे झाले हे पाहिले जातेच, शिवाय त्यावर प्रशिक्षक काय बोलला हेही तपासले जाते. पुढे उदाहरणासाठी घेतलेला सराव बडोद्यातल्या मराठी प्रशिक्षकांना डोळ्यांसमोर ठेवून मांडला आहे. प्रसंग सरकारी रुग्णालयातल्या मदत-टेबलाचा आहे, कारण चुकलेल्या एका वाक्याची किंमत तिथे लगेच दिसते.

पद्धतीचे मूळ दोन ठिकाणी सापडते. भूमिका घेऊन प्रसंग जगून पाहण्याची कल्पना व्हिएन्नात काम केलेल्या जेकब मोरेनो (१८८९–१९७४) यांच्या मनोनाट्यातून आली. छोटा प्रसंग, लगेच प्रत्याभरण, म्हणजे जे पाहिले त्यावर बोलणे, आणि लगेच दुसरी फेरी ही शिस्त शिक्षकांना छोट्या पाठांतून तयार करणाऱ्या सूक्ष्म अध्यापनाची. ते १९६३ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झाले. भारतात त्यावर जे महत्त्वाचे काम झाले, त्यातले बरेचसे बडोद्याचेच आहे. १९७०च्या दशकात महाराजा सयाजीराव विद्यापीठातल्या शिक्षणशास्त्राच्या प्रगत अध्ययन केंद्रात बी. के. पासी आदींनी हा विषय हाती घेतला होता. पुढे रूढ झालेले भारतीय चक्र ३६ मिनिटांचे आहे : ६ मिनिटे पाठ, ६ मिनिटे प्रत्याभरण, १२ मिनिटे पुनर्नियोजन, ६ मिनिटे पुन्हा पाठ आणि ६ मिनिटे पुन्हा प्रत्याभरण. बी.एड. केलेल्या कुणालाही हे आकडे पाठ असतात.

स्वागताचा प्रसंग जेमतेम दोन-तीन मिनिटांचा असतो, म्हणून सगळे आकडे निम्मे करावेत. प्रमाण कायम राहते आणि चक्र १८ मिनिटांत बसते. चौघांच्या गटात एक स्वयंसेवक, एक आलेली व्यक्ती, एक प्रशिक्षक आणि एक निरीक्षक. भूमिका फिरवत प्रत्येकाला प्रशिक्षक व्हायला मिळेपर्यंत ७२ मिनिटे लागतात. वेळ कमी पडला की पुनर्नियोजनाची ६ मिनिटे कापण्याचा मोह होतो. तो टाळावा. त्या वेळात स्वयंसेवकाने आपले पहिले वाक्य चिठ्ठीवर लिहून मोठ्याने दोन-तीनदा म्हणायचे असते. तेवढे झाले नाही, तर दुसऱ्या फेरीत जुनेच वाक्य तोंडात येते.

चिठ्ठी आणि प्रसंग

आलेल्या व्यक्तीची भूमिका चिठ्ठीवर लिहून देतात आणि ती बाकीच्यांना दाखवत नाहीत. सरावाचा सगळा जीव या चिठ्ठीत असतो. एक नमुना असा : 'वय साठीच्या पुढे. मुलगा गाडी लावायला गेला आहे. हातात पिशवी आणि घडी घातलेला कागद. वाचता येत नाही, पण ते सांगायचे नाही. वेळ आली तर चष्मा घरी राहिला म्हणायचे. सुरुवात गुजरातीत करायची. मदत विचारली की पहिल्यांदा "नको" म्हणायचे. समोरच्याने आग्रह केला तर निघून जायचे, नाही केला तर थोड्या वेळाने आपणच हाक मारायची.'

पहिली फेरी बहुधा अशी होते. टेबलामागे बसलेला स्वयंसेवक मान वर करून विचारतो, "बोला, काय पाहिजे?" बाई म्हणतात, "केस कढाववो छे," म्हणजे केसपेपर काढायचा आहे. तो हात लांब करून सांगतो, "तिकडे तीन नंबर. वर लिहिलंय बघा." बाई त्या दिशेला पाहतात आणि तिथेच उभ्या राहतात. तो उठून येतो, "अहो, द्या इकडे," म्हणत कागद हातातून घेतो. चिठ्ठीबरहुकूम बाई कागद परत मागून दाराकडे वळतात. अजून मिनिटही झालेले नसते. यात स्वयंसेवकाने मदत नाकारलेली नाही, उलट तो धावून आला. म्हणूनच हा प्रसंग शिकवायला चांगला.

दुसऱ्या फेरीत तो आधी उठतो, टेबलाच्या बाजूने पुढे येतो, हातभर अंतरावर थांबतो.

"नमस्ते मावशी."

"नमस्ते. केस कढाववो छे."

"हा, आवो. बारी सुधी साथे आवुं, के अहींथी बतावुं?"

"नको नको, मुलगा येतोय."

"बरं. तो येईपर्यंत या बाकावर बसा. मी इथेच आहे."

तो दोन पावले मागे सरतो. बाई बसतात, कागदाची घडी उघडतात, मिटतात. जरा वेळाने, "ऐका हो, माझा चष्मा घरी राहिलाय." आता तो "वाचून दाखवू?" असे विचारतो आणि हात पुढे न करता थांबतो. कागद त्या स्वतः देतात.

इथे तीन गोष्टी बदलल्या. 'काय पाहिजे' या प्रश्नाने माणूस मागणारा ठरतो. 'काही मदत पाहिजे का' हे ऐकायला सभ्य, पण आपल्याकडची वयस्क माणसे त्याला सवयीने 'नको' म्हणतात, गरज असो वा नसो. सोबत येऊ की इथूनच दाखवू, अशा दोन नेमक्या पर्यायांत निवडायला मिळाले की उत्तर देणे सोपे जाते आणि मानही राहतो. दुसरी गोष्ट म्हणजे 'नको' ऐकल्यावर मागे सरणे. आपल्या घरात पाहुण्याला तीनदा आग्रह केल्याशिवाय वाढत नाहीत, तीच सवय मदत-टेबलावर येते. सरावात सर्वांत उशिरा सुटते ती हीच सवय. तिसरी गोष्ट चष्म्याची. वाचता न येणारे अनेक जण चष्म्याचेच कारण पुढे करतात. स्वयंसेवकाला ते कळले तरी चालते, पण त्याने ते चेहऱ्यावर दाखवू नये आणि 'चष्मा नाही ना, मग वाचून देतो' एवढ्यावरच थांबावे. वाचून दाखवायचे ते खिडकीचा क्रमांक, तारीख, विभाग. औषधाचे नाव किंवा तपासणीचा अर्थ सांगणे स्वयंसेवकाचे काम नव्हे, तिथे डॉक्टरांकडेच पाठवायचे.

भाषेचा सांधा

बडोद्यात परक्या माणसाशी गुजरातीत सुरुवात करायची आणि ओळख पटली की मराठीत यायचे, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. त्यामुळे लुगड्यावरून किंवा आडनावावरून भाषा ठरवू नये. 'नमस्ते' दोन्हीकडे चालते. त्यानंतर उत्तर ज्या भाषेत येईल ती पकडावी आणि माणसाने ती बदलली की आपणही बदलावी. आजारी माणसाला 'केम छो' म्हणणे मला स्वतःला खटकते, कारण त्याला ठरलेले उत्तर 'मजामां' हे आहे.

काही शब्द मात्र घात करतात, आणि चिठ्ठ्यांमध्ये ते मुद्दाम घालावेत. गुजरातीत 'बारी' म्हणजे खिडकी. महाराष्ट्रातून उपचारासाठी आलेल्या, पंढरपूरच्या दर्शनबारीची सवय असलेल्या माणसाला 'त्रण नंबरनी बारी' म्हटले तर तो तिसरी रांग शोधतो. दिशांचेही तसेच. 'डाबी' आणि 'डावी' जुळतात, म्हणून वाटते की बाकीचेही जुळेल; पण उजवीला गुजरातीत 'जमणी' म्हणतात. घाईत 'उजवी बाजू' सांगितलेला गुजराती माणूस मान डोलावतो आणि सरळ जातो. मान डोलावली म्हणजे कळले असे धरू नये. पहिल्या वळणापर्यंत तो कुठे जातो ते पाहावे, हीच खात्रीची खूण.

हाक मारण्यातही चुका होतात. पन्नाशीच्या बाईला 'आजी' म्हटले की ती दुखावते. 'मावशी', 'काका' किंवा गुजरातीत 'बेन', 'भाई' यांत धोका कमी. 'माजी' खरोखर म्हाताऱ्या बाईसाठीच ठेवावे. अंध व्यक्ती आली तर आधी आपले नाव आणि 'स्वयंसेवक' हे सांगावे, दंड धरून ओढू नये, आपले कोपर धरायला द्यावे आणि निघताना 'मी जातो' असे बोलून जावे.

प्रत्याभरण

प्रसंग संपल्यावर पहिला शब्द स्वयंसेवकाचा असावा : काय जमले, मग काय वेगळे करता आले असते. ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या प्रशिक्षणासाठी डेव्हिड पेंडल्टन आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये मांडलेला हा क्रम इथेही उपयोगी पडतो. त्यानंतर आलेली व्यक्ती बोलते, पण फक्त स्वतःबद्दल : 'कागद ओढला तेव्हा मला निघून जावेसे वाटले.' प्रशिक्षक शेवटी.

प्रशिक्षकाचे वाक्य दिसलेल्या किंवा ऐकलेल्या गोष्टीबद्दल हवे. 'तुमचा स्वभाव उतावळा आहे' आणि 'छान केलंत' ही दोन्ही सारखीच निरुपयोगी, कारण दुसऱ्या फेरीत काय करायचे ते त्यांतून कळत नाही. 'बाईंनी "नको" म्हटल्यावर तुम्ही लगेच हात पुढे केलात' यातून कळते. एका फेरीत एकच बदल सुचवावा, फार तर दोन. चांगले काही सांगून मग 'पण' जोडण्याची सवयही बरी नव्हे. ऐकणारा त्या 'पण'चीच वाट पाहू लागतो आणि आधीचे कौतुक वाया जाते. कौतुक करायचे तर तेही नेमके असावे : 'तुम्ही उठून टेबलाच्या बाजूला आलात, तेव्हा बाईंनी पिशवी खाली ठेवली.'

निरीक्षक या वेळी प्रशिक्षकाची वाक्ये जशीच्या तशी उतरवतो आणि दुसऱ्या प्रत्याभरणात वाचून दाखवतो. प्रशिक्षक बिघडला हे ओळखायची सोपी खूण म्हणजे स्वयंसेवक 'मला वाटलं की…' अशी वाक्ये बोलू लागतो. तो बचाव करतो आहे, म्हणजे बोलणे कृतीवरून माणसावर घसरले. अशा वेळी थांबून तेच निरीक्षण 'तुम्ही अमुक केलेत' या रूपात पुन्हा सांगावे.

कुठे बिघडते

सर्वाधिक नासाडी होते ती आलेल्या व्यक्तीच्या अतिअभिनयाने. रडणे, ओरडणे, मुद्दाम न ऐकल्यासारखे करणे सुरू झाले की स्वयंसेवक माणसाकडे न बघता नाटकाकडे बघतो. यावर उपाय चिठ्ठीतच आहे : भावना लिहू नये, परिस्थिती आणि एक-दोन कृती लिहाव्यात. सरावाची मर्यादाही आहे. समोरचा आपलाच सहकारी असल्याचे सगळ्यांना ठाऊक असते, शिवाय सभागृहातल्या टेबल-खुर्च्यांमधून रुग्णालयाची गर्दी, आवाज आणि वाटा कळत नाहीत. म्हणून नंतर प्रशिक्षकाने प्रत्यक्ष जागी उभे राहून, मध्ये न बोलता, स्वयंसेवकांचे काम पाहणे हा वेगळा टप्पा असतो.

वाचता न येणाऱ्या, नुकतेच कुणी गमावलेल्या किंवा अपमान झालेल्या माणसाची भूमिका केलेल्याने शेवटी ती उतरवावी : चिठ्ठी टेबलावर परत ठेवायची, दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसायचे, आपले नाव सांगायचे आणि आज जेवायला काय आहे असे काहीतरी साधे बोलायचे. अर्धा मिनिट लागतो. हे राहून गेले, तर तीच व्यक्ती पुढच्या फेरीत प्रशिक्षक झाल्यावर त्या बाईंच्या वतीने रागावून बोलते.