शनिवार-रविवारच्या नेटवर्क बंदची सूचना

ऑफिसचं नेटवर्क आधी ठरवून बंद ठेवायचं असलं की आयटीवाले स्टाफला जी मेल टाकतात ती ही सूचना. काम शक्यतो शनिवारी रात्री काढतात, कारण काही फसलंच तर रविवारी सगळं परत होतं तसं करायला वेळ मिळतो. मेलमध्ये बंदची वेळ ठळक असते आणि लोक तेवढीच वाचतात, खरी गोची सोमवारी सकाळी होते.

नेहमीचं उदाहरण म्हणजे आयपी रेंज, म्हणजे नेटवर्कवरच्या मशीनना द्यायच्या पत्त्यांचा पट्टा, बदलणं. छोट्या ऑफिसात सुरुवातीला 192.168.1.0/24 लावलेली असते, त्यात २५४ पत्ते मिळतात, मग माणसं वाढतात, मोबाइल, कॅमेरे येतात आणि पत्ते संपतात. शिवाय पुष्कळ घरांतल्या राउटरचीही हीच रेंज असते, त्यामुळे घरून व्हीपीएन लावून ऑफिसच्या 192.168.1.50 वरचा प्रिंटर शोधायला गेलं की लॅपटॉप तो घरातच शोधत बसतो. म्हणून समजा 10.20.0.0/22 घेतली, म्हणजे १०२२ पत्ते झाले.

अशा वेळी सूचनेत दोन गोष्टी स्पष्ट पाहिजेत. शुक्रवारी निघताना पीसी शटडाउन करा, नुसतं झाकण पाडून जाऊ नका, कारण झोपलेला लॅपटॉप कधीकधी जुनाच पत्ता धरून उठतो. आणि सोमवारी आल्यावर कमांड प्रॉम्प्टमध्ये हे एकदा चालवून बघा:

```
ipconfig
```

पत्ता 10.20 ने सुरू झाला तर ठीक. 169.254 दिसला तर पीसीला डीएचसीपीकडून, म्हणजे आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून, पत्ता मिळालेलाच नाही, आधी वायर नीट बसलीये का बघायचं. 192.168.1 च दिसत असेल तर एकदा रीस्टार्ट, तरी तेच आलं तर कोणीतरी कधीकाळी तो हाताने टाकून ठेवलाय, आयटीला बोलवा.

नेट चालतंय म्हणजे सगळं झालं असं मात्र नाही. प्रिंटर चालू असतो, दिवा हिरवा असतो, पण स्क्रीनवर ऑफलाइन, कारण पीसीतल्या प्रिंटर पोर्टमध्ये जुना पत्ता अडकलेला असतो. शेअर फोल्डर नावाने जोडलेलं असेल तर बहुतेक वेळा निभावतं, \\192.168.1.10 असं जोडलेलं असेल तर लाल फुली. म्हणून एक पान छापून बघा आणि एक फाइल उघडून सेव्ह करून बघा असं सूचनेत सरळ लिहावं, 'काही अडचण आल्यास कळवा' याने कोणी काही तपासत नाही (स्वानुभव!).

सगळ्यात हमखास विसरलं जातं ते दारावरचं थंब मशीन. ते पंच स्वतःच्या मेमरीत घेत राहतं, बीप पण वाजवतं, फक्त सर्व्हरचा नवा पत्ता त्यात भरलेला नसतो, आणि दुपारी एचआर बघतं तर अख्खं ऑफिस गैरहजर.