डब्यातलं पिवळं वर्तुळ

मटणाचा रस्सा प्लॅस्टिकच्या डब्यात घालून मायक्रोवेव्हमध्ये गरम केला, की डब्याच्या आत, जिथवर रस्सा होता तिथे, पिवळं वर्तुळ उमटतं. कितीही घासा, जात नाही. कारण हळद प्लॅस्टिकच्या आत शिरलेली असते. हळदीचा रंग म्हणजे कर्क्युमिन. ते पाण्यात जेमतेम विरघळतं, तेलात मात्र सहज. आणि डब्याचं पॉलिप्रॉपिलीन तर खनिज तेलापासूनच बनतं, म्हणजे तर्री आणि डबा एका भावकीतले. तापल्यावर प्लॅस्टिकच्या लांबलचक रेणूंची हालचाल वाढते, त्यांच्यातल्या फटी मोकळ्या होतात आणि तेलाबरोबर रंग आत जातो.

हळदीची काळजी नको. पण ज्या वाटेने ती आत गेली, त्याच वाटेने डब्यातलं काही बाहेर येऊ शकतं. प्लॅस्टिक टिकावं, लवचीक राहावं म्हणून त्यात मिसळलेली रसायनं रेणूंना पक्की जोडलेली नसतात. अन्न जितकं तेलकट, गरम आणि जितका वेळ डब्यात, तितकी ती जास्त उतरतात. वर्तुळापाशी बोट फिरवून पाहा, कधी कधी खरखरीत लागतं. पाणी उकळलं की १०० अंशांच्या आसपास थांबतं, तेलाला ती अट नाही. तर्रीचा पातळ थर एखाद्या ठिकाणी इतका तापतो, की साधारण १६० अंशांना वितळणारं पॉलिप्रॉपिलीनही तिथे हार मानतं.

सगळ्यात बदनाम झालं ते बिस्फेनॉल-ए, म्हणजेच बीपीए. ते पॉलिकार्बोनेट या कडक, पारदर्शक प्लॅस्टिकमधून येतं आणि शरीरात इस्ट्रोजेन या संप्रेरकाची नक्कल करतं. पॉलिप्रॉपिलीन बनवायला ते लागत नाही. त्यामुळे डब्यावरचं ‘बीपीए-फ्री’ खरं असलं, तरी त्याने बाकीच्या रसायनांची हमी मिळत नाही. प्लॅस्टिकच्या कणांचीही नाही. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०२० मध्ये बाळांच्या दुधाच्या पॉलिप्रॉपिलीनच्या बाटल्या तपासल्या. पाणी २५ अंशांचं असताना लिटरमागे सुमारे ६ लाख सूक्ष्मकण सुटले, ९५ अंशांना साडेपाच कोटी. या कणांनी शरीरात नेमकं किती बिघडतं, यावर अजून एकमत नाही. ‘मायक्रोवेव्ह सेफ’चा अर्थही मुख्यतः डबा वाकणार-वितळणार नाही एवढाच.

म्हणून माझ्या घरी प्लॅस्टिक फेकलं नाही, त्याचं काम बदललं. रवा, पोहे, डाळी त्यातच राहतात. आमटी, रस्सा, लोणचं मात्र काचेत किंवा स्टीलमध्ये. हॉटेलची पार्सलं आली की लगेच पातेल्यात ओततो आणि गॅसवर गरम करतो. मायक्रोवेव्हला काचेचं भांडं, पण त्याचं प्लॅस्टिकचं झाकण बाहेर आणि वर उपडी बशी. भाजी प्लॅस्टिकमध्ये ठेवायचीच असेल, तर आधी परातीत पसरून निववायची. निववण्याच्या नादात ती ओट्यावर विसरू नका, विशेषतः भात. दोन तासांच्या आत तो फ्रिजमध्ये गेला पाहिजे, नाहीतर प्लॅस्टिकआधी जिवाणूच पोट बिघडवतील.

पिवळे, ओरखडे पडलेले डबे आमच्याकडे आता खिळे-स्क्रूंना दिलेत.