शाळा उघडतानाची विक्रीमोहीम (स्टेशनरी दुकान)

शाळा सुरू होण्याच्या सुमारास स्टेशनरीचे दुकान पालक आणि मुले या दोघांना उद्देशून जी जाहिरात, मांडणी व सवलत योजते, तिला व्यवहारात ‘जूनचा सीझन’ म्हणतात. मुंबईत राज्य मंडळाच्या शाळा साधारण 15 जूनच्या आसपास उघडतात, तर सीबीएसईच्या अनेक शाळांचे वर्ष एप्रिलमध्येच सुरू होते; त्यामुळे एकाच दुकानाला दोन हंगाम मिळतात. त्यांतला जूनचा अधिक अवघड असतो. मे महिन्यात अनेक कुटुंबे गावी गेलेली असतात आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात परततात, तेव्हा पगार नुकताच झालेला असतो आणि पाऊसही तोंडावर असतो (मुंबईत मान्सून पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख 11 जून आहे). वह्या, दप्तर, रेनकोट, छत्री हे सारे त्याच आठ-दहा दिवसांत घ्यायचे असते.

मोहिमेचा आराखडा शाळेच्या यादीपासून सुरू करावा. यादीतील वस्तूंचे दोन भाग पडतात. किती पानांच्या, कोणत्या आखणीच्या आणि किती वह्या हा भाग शाळा ठरवते व पालक पैसे देतात. तेथे मुलाला निवडीला वाव नसतो. लेबल, कंपासपेटी, खोडरबर यांत मात्र मुलाची आवड चालते. दोन्ही भाग एकाच काउंटरवर, एकाच फलकाखाली मांडले की मूल रंगीत पेटीपाशी अडते, आई वह्या मोजत असते, वाद होतो आणि मागची रांग खोळंबते. आई निम्मी यादी घेऊनच निघाली, तर दोष किमतीचा आहे असे समजण्याआधी मांडणी तपासावी.

लालबागमधील एखाद्या दुकानाचे उदाहरण घेऊ. किमती केवळ हिशेबासाठी मानलेल्या आहेत. पाचवीच्या यादीत दोनशे पानी 12 वह्या आहेत: 8 एकरेघी, 2 चाररेघी, 2 चौकटीच्या. प्रत्येकी 45 रुपयांप्रमाणे 540 रुपये होतात. ब्राऊन पेपर, चित्रकला वही आणि पेन्सिली मिळून 180 धरले, तर सक्तीचा भाग 720 रुपयांचा ठरतो. हा गठ्ठा इयत्तेनुसार आधीच बांधून ठेवावा आणि त्याची किंमत फलकावर लिहावी. पालकांसाठी मजकूर एवढाच पुरे: ‘यादीचा फोटो पाठवा, उद्या संध्याकाळी बांधून ठेवतो.’ मुलासाठी वेगळे ‘माझी निवड’ कार्ड द्यावे, ज्यावर रक्कम पालकच लिहितात, समजा 150 रुपये. मूल 120 ची कंपासपेटी व 30 ची लेबले घेईल, किंवा साधी पेटी घेऊन उरलेल्या पैशांत सुगंधी खोडरबर बसवील. बेरीज त्यानेच करायची असल्यामुळे हट्टाचे रूपांतर हिशेबात होते, आणि एकूण बिल 870 वर थांबणार हे पालकांना आधीच ठाऊक असते.

मुलांशी बोलताना कायद्याची एक मर्यादा पाळावी लागते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या केंद्राच्या 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, मुलांना वस्तू विकत घेण्याचे किंवा ती घेण्यासाठी आईवडिलांना गळ घालण्याचे थेट आवाहन करता येत नाही. म्हणून ‘आईला सांग, हीच पेटी हवी’ हा मजकूर बाद ठरतो. त्यापेक्षा दाराशी एक टेबल ठेवून मुलांना वेगवेगळ्या पेनांनी लेबलावर स्वतःचे नाव लिहून पाहू द्यावे. हे मुलांना मनापासून आवडते आणि त्यात कोणावर दडपणही येत नाही.

दराच्या बाबतीत अशा दुकानाने क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटशी स्पर्धा करू नये. तेथे डझनाने वह्या घेणारे पालक घाऊक भावानेच घेणार. घराजवळच्या दुकानाचे बळ आहे ते वही बदलून देण्यात. वर्गशिक्षक पुष्कळदा शाळा उघडल्यावर सांगतात की इंग्रजीला चाररेघी नको, एकरेघी हवी. तेव्हा दूरच्या बाजारातून आणलेली वही घरी पडून राहते. ‘नाव न घातलेली, कव्हर न चढवलेली वही 30 जूनपर्यंत बदलून मिळेल’ हे वाक्य त्यामुळे कोणत्याही दहा टक्के सवलतीपेक्षा जास्त विश्वास देते. परत आलेली कोरी वही दिवाळीनंतरच्या सत्रात विकली जाते, म्हणून तोटाही फारसा होत नाही.

गेल्या वर्षीचे दरपत्रक तसेच छापणे ही नेहमीची चूक आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर आणि शार्पनर यांवरील जीएसटी शून्य झाला आणि कंपासपेटीवरील 12 वरून 5 टक्क्यांवर आला. पालक याविषयी काउंटरवर विचारतात.

खरेदीचे प्रमाण ठरवताना मुलांच्या भागात हात आखडता घ्यावा. त्या वर्षी गाजणाऱ्या कार्टूनच्या पेट्या पुढच्या जूनला कोणी विचारत नाही, साधी एकरेघी वही मात्र वर्षभर खपते. मोहीम चालू असताना रोज रात्री दोनच गोष्टी लिहाव्यात: किती याद्या पूर्ण बांधून गेल्या आणि किती अपुऱ्या राहिल्या, आणि अपुऱ्या यादीत कोणती वस्तू नव्हती. तीच वस्तू सलग दोन रात्री दिसली, तर सकाळी पहिले काम ती मागवण्याचे.