निघाले जेरुसलेमला, लुटलं कॉन्स्टँटिनोपल : धर्मयुद्धांची पार्श्वभूमी

1095 साली फ्रान्समधल्या क्लेरमाँ गावी पोपने पूर्वेकडे कूच करण्याची हाक दिली, त्यामागे मुळात मदतीची एक मर्यादित मागणी होती. 1071 मध्ये मान्झिकर्टला सेल्जुक तुर्कांकडून हार खाल्ल्यापासून कॉन्स्टँटिनोपलच्या ग्रीक सम्राटाचा आशिया मायनरमधला बराच मुलूख हातचा गेला होता. तो परत मिळवायला त्याला पश्चिमेकडून काही पगारी घोडेस्वार हवे होते. आल्या मात्र हजारोंच्या फौजा, आणि त्यांच्या डोळ्यांपुढे होतं जेरुसलेम. जो भक्तीने तिकडे जाईल त्याचं पापाचं प्रायश्चित्त त्या प्रवासातच फिटेल, असं पोपने जाहीर केलं होतं. तलवार चालवणं हाच ज्यांचा धंदा, आणि त्याबद्दल मरणानंतर काय भोगावं लागेल याची ज्यांना खरीखुरी धास्ती, त्या सरदारांसाठी हे वचन फार मोठं होतं.

वाटणीत जमीन न मिळालेले धाकटे भाऊ लुटीच्या आशेने निघाले, हे स्पष्टीकरण आपल्याकडे अजून चालतं. मठांच्या दप्तरात राहिलेली गहाणखतं वेगळं सांगतात. एका सरदाराला या वारीसाठी आपल्या वर्षाच्या उत्पन्नाच्या चार-पाच पट पैसा उभा करावा लागे, आणि त्यासाठी जमिनी विकाव्या किंवा गहाण टाकाव्या लागत. नॉर्मंडीच्या ड्यूकने तर अख्खी नॉर्मंडी 10,000 मार्क चांदीला आपल्या भावाकडे गहाण ठेवली. लोभ नव्हता असं नाही, पण घर गहाण टाकून निघणाऱ्याच्या मनात नुसता लोभ असेल हे पटत नाही. त्या श्रद्धेची दुसरी बाजूही लगेच दिसली. 1096 मध्ये वाटेतच, ऱ्हाईनकाठच्या वर्म्स आणि माइन्झ या शहरांत काही टोळ्यांनी ज्यूंची कत्तल केली.

1099 मध्ये जेरुसलेम पडलं, 1187 मध्ये ते पुन्हा मुसलमान सुलतानाकडे गेलं, आणि त्यानंतरची मोठी मोहीम अर्धंच यश घेऊन परतली. पण आज उरलेल्या परिणामांची सर्वांत स्पष्ट मुळं सापडतात ती चौथ्या मोहिमेत. या फौजेने जेरुसलेम पाहिलंही नाही. तिने जगातलं सर्वांत श्रीमंत ख्रिस्ती शहर, कॉन्स्टँटिनोपल, लुटलं.

हे घडलं कसं, यावर दीडशे वर्षं वाद चालू आहे, आणि माझ्या मते त्याचं उत्तर एका करारात आहे. 1201 मध्ये फ्रेंच सरदारांचे सहा दूत व्हेनिसला गेले. जमिनीचा रस्ता घातक ठरला होता, म्हणून समुद्राने जायचं ठरलं. 4,500 नाइट, 9,000 त्यांचे सहायक, 20,000 पायदळ आणि 4,500 घोडे एवढं सगळं व्हेनिसने न्यायचं आणि वर्षभर पोसायचं. दर होता माणशी 2 मार्क आणि घोड्याला 4 मार्क. म्हणजे माणसांचे 67,000 आणि घोड्यांचे 18,000, एकूण 85,000 मार्क. ही जवळजवळ 20 टन चांदी झाली. शिवाय व्हेनिस स्वतःची 50 लढाऊ गलबतं देणार आणि जिंकलेल्यातला अर्धा वाटा घेणार. खरा रोख होता इजिप्तवर, कारण सुलतानाची ताकद तिथल्या पैशावर उभी होती. पण ही गोष्ट साध्या शिपायांपासून लपवून ठेवली गेली.

घोळ मोजणीत होता. सह्या करणाऱ्यांनी 33,500 माणसांचा आकडा दिला खरा, पण बाकीच्यांनी व्हेनिसहूनच निघावं असं बंधन कुणावरच नव्हतं. अनेकांनी मार्सेसारखी दुसरी बंदरं गाठली, अनेक घरीच राहिले. 1202 च्या उन्हाळ्यात व्हेनिससमोरच्या लिडो बेटावर जमलेले लोक ठरलेल्या आकड्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास होते. इकडे व्हेनिसने नेहमीचा व्यापार बाजूला ठेवून वर्षभर जहाजं बांधली होती आणि ती धक्क्याला तयार उभी होती. जहाज निम्मं रिकामं गेलं म्हणून त्याचा खर्च निम्मा होत नाही. सरदारांनी घरची चांदीची भांडीसुद्धा दिली, तरी 34,000 मार्क कमीच पडले.

तेव्हा व्हेनिसच्या वृद्ध, अंध प्रमुखाने, म्हणजे डोजने, तोडगा काढला. आद्रियातिकच्या काठावरचं झारा शहर व्हेनिसविरुद्ध उठलं होतं. ते परत घेऊन द्या, देणं नंतर फेडा. झारा ख्रिस्ती होतं, आणि त्याचा रक्षक असलेल्या हंगेरीच्या राजाने स्वतः क्रुसाची, म्हणजे धर्मयुद्धाला जाण्याची, शपथ घेतलेली होती. पोपने हल्ल्याला स्पष्ट मनाई केली. लोकांनी तटावरून क्रूस लटकवले, तरी नोव्हेंबरमध्ये शहर पडलं. पोपने फौजेला बहिष्कृत केलं. पुढे फ्रेंचांना माफी मिळाली, व्हेनिसकरांना नाही.

कर्ज मात्र तसंच होतं. त्याच हिवाळ्यात पदच्युत ग्रीक सम्राटाच्या मुलाकडून निरोप आला : आम्हाला गादीवर बसवा, मी 2,00,000 मार्क देईन, 10,000 सैनिक देईन आणि ग्रीक चर्च रोमच्या अधीन करीन. कॉर्फू बेटावर बरेच जण मोहीम सोडायला निघाले, तेव्हा नेते त्यांच्या पाया पडून रडले आणि सप्टेंबर अखेरपर्यंत थांबायचं कबूल करून घेतलं. 1203 च्या जुलैत मुलगा आणि त्याचा आंधळा बाप गादीवर आले. पैसा अर्धाच निघाला, तोही चर्चमधली चांदी वितळवून. शहर चिडलं. पुढच्या वर्षी राजवाड्यात बंड होऊन तरुण सम्राटाचा गळा आवळला गेला. आता देणेकरीच उरला नव्हता. 12 एप्रिल 1204 ला तट फोडला गेला आणि तीन दिवस लूट चालली.

व्हेनिसने हे सगळं आधीच ठरवलं होतं, सुलतानाशी गुप्त तहही केला होता, असा आरोप एकोणिसाव्या शतकात फार गाजला. तो तह नंतरच्या वर्षांतला निघाला, आणि कटाचा मुख्य आधारच गेला. प्रत्येक टप्प्यावर फौजेपुढे दोनच वाटा होत्या : मोडून घरी जाणं, नाहीतर पुढचं चुकीचं पाऊल टाकणं. याचा अर्थ व्हेनिस निर्दोष होतं असा नव्हे. लुटीच्या महिनाभर आधी, मार्चमध्येच, वाटणीचा करार लिहून झाला होता आणि साम्राज्याचे तीन अष्टमांश त्याने आपल्या पदरात टाकून घेतले.

पश्चिमेच्या सरदारांचं कॉन्स्टँटिनोपलमधलं राज्य 1261 पर्यंत टिकलं. ग्रीकांनी शहर परत घेतलं तेव्हा तिजोरी, आरमार आणि प्रांत पूर्वीचे राहिले नव्हते, आणि 1453 मध्ये ऑटोमन तोफांपुढे उभं राहिलं ते हेच खंगलेलं साम्राज्य. क्रीट बेट मात्र सतराव्या शतकापर्यंत व्हेनिसकडे राहिलं. ग्रीक आणि रोमन या दोन चर्चमधली कटुता तर एवढी खोल गेली की 2001 मध्ये पोप अथेन्सला आले तेव्हा या लुटीबद्दल त्यांनी खेद व्यक्त केला.

सीरियाच्या किनाऱ्यावरचं शेवटचं मोठं ठाणं, अक्का, 1291 मध्ये पडलं, पण या युद्धांसाठी उभी राहिलेली यंत्रणा मोडली नाही. लढवय्या साधूंचा टेंपलर संघ पोपने बरखास्त केला, तेव्हा पोर्तुगालमधली त्याची मालमत्ता 1319 मध्ये नव्या ऑर्डर ऑफ ख्राइस्टकडे गेली. पंधराव्या शतकात आफ्रिकेच्या किनाऱ्याने निघालेल्या पोर्तुगीज सफरींमागे याच संघाचा पैसा होता. मलबारची मिरी तोवर इजिप्तमार्गे व्हेनिसला पोहोचत असे. तो मार्ग टाळायलाच पोर्तुगीज जहाजं आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या केपला वळसा घालून 1498 मध्ये कालिकतला लागली आणि 1510 मध्ये गोवा पोर्तुगिजांच्या हाती गेला.